टॉवेलच्या कॅटलॉगमध्ये फ्लॅनेल लिहायचं की वॉशक्लॉथ?

अक्कलकोटरोड

शाळेत लिफ्ट-एलिव्हेटर, लॉरी-ट्रक, बिस्किट-कुकी अशा जोड्या घोकल्या होत्या. टॉवेलबद्दल मात्र कोणी काही शिकवलं नाही, आणि आता नेमकं तेच अडलंय. आमचा माल आजवर मुंबईच्या एक्स्पोर्टरमार्फत जायचा, त्यामुळे लेबलही त्याचं आणि इंग्रजीही त्याचं. या वेळी दोन छोट्या ऑर्डरी थेट आल्यात, एक इंग्लंडची, एक अमेरिकेची. १६ पानी कॅटलॉग, टॅग आणि खोक्यावरचे स्टिकर आम्हीच करायचेत.

सध्या त्यात आपले नेहमीचे शब्द आहेत. मोठा तो टर्किश टॉवेल, ३० बाय ३० सेंटिमीटरचा तो टेरी नॅपकिन. इंग्लंडच्या पार्टीने विचारलंय की हे नॅपकिन जेवणाच्या टेबलासाठी आहेत का, आणि असतील तर टेरीचे कशाला? तेव्हा प्रश्न असा: सगळीकडे ब्रिटिश शब्द घालू, अमेरिकन घालू, की दोन वेगळे कॅटलॉग करू?

पाटीवाला

दोन कॅटलॉग वगैरे काही करू नका. एकच फाइल ठेवा, तिची भाषा वर्डमध्ये बदला. Ctrl+A करून Review मध्ये Language, मग Set Proofing Language, तिथे English (United States) निवडायचं. कलरमधला यू, फायबरचा उलटा शेवट, सगळं लाल रेघेखाली येतं. दुरुस्त केलं की अमेरिकन कॅटलॉग तयार. अर्ध्या तासाचं काम आहे.

आडवा_धागा

पाटीवाले, स्पेलिंगपुरतं तुमचं बरोबर आहे. त्याच खिडकीत Detect language automatically ची खूणही काढून टाकावी, नाहीतर वर्ड मध्येच एखादा परिच्छेद परत दुसऱ्या इंग्रजीत नेतं. पण इथला प्रश्न स्पेलिंगचा नाही. नॅपकिनचं स्पेलिंग दोन्हीकडे तेच आहे, फ्लॅनेलचंही तेच. लाल रेघ येणारच नाही आणि चूक तशीच छापली जाईल.

अक्कलकोटरोड, तुमची अडचण ब्रिटिश विरुद्ध अमेरिकन एवढीच नाहीये. तुमच्याकडे तिसरी इंग्रजी आहे, आपली. सोलापुरात नॅपकिन म्हणजे तोंड-हात पुसायचा छोटा टॉवेल. बाकी जगात नॅपकिन म्हणजे जेवताना मांडीवर घेतात ते. म्हणून आधी आपले शब्द काढा, मग त्या दोघांचं भांडण सोडवा.

छोट्या चौकोनी टॉवेलला इंग्लंडमध्ये फ्लॅनेल किंवा फेस क्लॉथ म्हणतात, अमेरिकेत वॉशक्लॉथ. यातला फ्लॅनेल हा शब्द मी तुमच्या जागी असतो तर वापरलाच नसता, इंग्लंडसाठीही नाही. अमेरिकेत फ्लॅनेल म्हणजे लव उठवलेलं मऊ सुती कापड, थंडीतल्या चौकटीच्या शर्टाचं. इंग्लंडमध्येही त्या कापडाला फ्लॅनेलच म्हणतात, म्हणजे तिथे एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. घरात चालतं, पण पॅकिंग लिस्टवर "फ्लॅनेल, १२०० नग" असं दिसलं की वाचणाऱ्याला कापड वाटू शकतं. इंग्लंडला फेस क्लॉथ, अमेरिकेला वॉशक्लॉथ, विषय संपला.

कडक_भाकरी

म्हणजे आपण नॅपकिन म्हणायचंच नाही? सोलापुरी चादर आणि टॉवेल दोघांनाही जीआय टॅग मिळालाय. ज्यांना माल पाहिजे त्यांनी शिकावेत की आपले शब्द. जपानी लोक किमोनोला ड्रेसिंग गाउन म्हणून विकतात का?

आडवा_धागा

भाकरीराव, चादरीबाबत तुमच्याशी सहमत. चादर हे नाव ठेवावं, कारण दुसरं नाव त्या वस्तूला बसत नाही. थ्रो म्हणावं तर अमेरिकेत थ्रो साधारण ५० बाय ६० इंचाचा असतो, सोफ्यावर टाकायचा; आपली चादर त्याहून मोठी. बेडशीट म्हणावं तर ते पातळ, गादीवर अंथरायचं. म्हणून "सोलापुरी चादर" लिहून खाली एका ओळीत सुती जॅकार्ड ब्लँकेट असं वर्णन आणि माप. पण नॅपकिन हा काही आपला शब्द नाही हो. तो त्यांचाच शब्द आहे, आपण त्याला दुसऱ्या कामाला लावलाय.

सिद्धेश्वरपेठ

ब्लँकेट? आमच्याकडे चादर उन्हाळ्यात गच्चीवर पांघरतात. ब्लँकेट म्हटलं की तिकडे लोकरीचं जाड काहीतरी वाटेल. बेडस्प्रेड म्हणा, ते दोन्हीकडे चालतं.

आडवा_धागा

बेडस्प्रेड पलंगावर वरून घालायचं असतं, पांघरायचं नसतं. पण तुमचा मुद्दा अगदीच चूक नाही. पार्टीला एक नमुना पाठवून विचारावं, तुमच्या दुकानात हे कुठल्या मांडणीत ठेवाल. त्यांचं उत्तर तेच नाव.

शेंगाचटणी

धाग्याचं नाव वाचून आलो. आमच्या सोसायटीत नवीन लिफ्ट बसतेय, सात रस्त्याजवळ. पाटीवर लिफ्ट लिहायचं की एलिव्हेटर यावर कमिटीत वाद चाललाय. सेक्रेटरींचा मुलगा म्हणतो एलिव्हेटरच शुद्ध. तुमचं मत सांगा.

सिद्धेश्वरपेठ

शेंगाचटणी, धागा टॉवेलचा आहे, पण उत्तर सोपं आहे. लिफ्ट लिहा. आपल्या राज्याच्या २०१७ च्या कायद्याच्या नावातच लिफ्ट आहे, त्यामुळे परवाना आणि तपासणीच्या कागदांवरही हाच शब्द येणार. पाटी वेगळी आणि कागद वेगळा कशाला? शुद्ध-अशुद्ध असं यात काही नाही, एक अमेरिकन आहे आणि एक ब्रिटिश.

मजल्यांचं मात्र बघा. लिफ्टच्या बटणांवर जी आणि १ असेल तर आपला पहिला मजला म्हणजे एक जिना चढून. अमेरिकेत जमिनीवरचाच मजला पहिला.

अक्कलकोटरोड

अरे हे आमच्याही कामाचं आहे! अमेरिकेच्या पार्टीने गोडाऊनचा पत्ता "सेकंड फ्लोअर" दिलाय. म्हणजे जमिनीपासून एकच मजला वर?

सिद्धेश्वरपेठ

हो, एकच. आणि पत्ता त्यांनी दिलाय तसाच लिहायचा, तुम्ही "सुधारून" फर्स्ट करू नका.

आडवा_धागा

आता मुख्य यादीकडे येतो, पण सगळे शब्द देत नाही. नियम एकच ठेवा: दोन्हीकडे सारखा चालणारा शब्द असेल तर तोच घ्या, नसेल तिथेच फाइल वेगळी करा. बाथ टॉवेल, हँड टॉवेल, बाथ मॅट, बाथरोब हे दोन्हीकडे चालतात. इंग्लंडमध्ये घरी ड्रेसिंग गाउन म्हणतात, पण टेरीच्या झग्याला बाथरोब म्हटलेलं त्यांना नीट कळतं. बाथ शीटही दोन्हीकडे आहे, फक्त ती शीट नव्हे, मोठा टॉवेल आहे, साधारण ९० बाय १५० सेंटिमीटरपासून पुढे. हे इथल्या पॅकिंगवाल्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर बाथ शीट चादरीच्या गठ्ठ्यात जाते.

जिथे फाटतं ते तीन-चारच आहेत. एक वॉशक्लॉथ, ते झालं. दुसरं भांडी पुसायचं फडकं. इंग्लंडमध्ये टी टॉवेल, अमेरिकेत डिश टॉवेल किंवा किचन टॉवेल. इंग्लंडला किचन टॉवेल लिहू नका, तिथे त्याचा अर्थ कागदाचा रोल असाही होतो. तिसरं लहान मुलांचं सामान. इंग्लंडचं कॉट म्हणजे बाळाचा कठड्याचा पलंग, अमेरिकेत त्याला क्रिब म्हणतात आणि कॉट म्हणजे घडीची खाट. बेबी सेटमध्ये कॉट शीट असेल तर अमेरिकन खरेदीदार ७० सेंटिमीटर रुंदीची खाट डोळ्यासमोर आणेल.

चौथं टर्किश टॉवेल. हा सगळ्यात त्रासदायक. आपण कुठल्याही फुगीर टेरी टॉवेलला टर्किश म्हणतो. अमेरिकेत आज दुकानात टर्किश टॉवेल मागितला तर बहुतेक वेळा पातळ, सपाट विणीचा, टोकाला गोंडे असलेला टॉवेल पुढे येतो, किंवा तुर्कस्तानात बनलेला. तुमच्या टॅगवर वर टर्किश आणि खाली मेड इन इंडिया. गिऱ्हाईक एक तर वीण बघून परत करणार, नाहीतर फसवलं म्हणणार. टेरी टॉवेल लिहा.

पाटीवाला

ठीक आहे, म्हणजे Ctrl+H मारून बदलायचं. कॉटच्या जागी क्रिब, फेस क्लॉथच्या जागी वॉशक्लॉथ. दहा मिनिटं.

सिद्धेश्वरपेठ

पाटीवाले, थांबा! नुसतं Replace All केलं तर काय होतं बघा.

```
आधी:  100% cotton cot sheet
नंतर: 100% cribton crib sheet
```

कॉटनच्या पोटात कॉट आहे ना. खाली More दाबून Find whole words only ला खूण करायची, आणि तरीही Replace All न करता एकेक ठिकाण बघत जायचं. कापडाच्या कॅटलॉगमध्ये कॉटन हा शब्द किती वेळा असतो ते वेगळं सांगायला नको.

कडक_भाकरी

क्रिबटन 😂 शंभर टक्के क्रिबटनचा टॉवेल पाहिजे बुवा मला एक.

आडवा_धागा

तसंच ग्रेचं. तुमच्या प्रोसेसच्या पानावर "ग्रे फॅब्रिक तपासलं जातं" असं असेलच. मागावरून उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं कापड. अमेरिकन करताना ग्रेमधला ई बदलून ए केलात की ते राखाडी रंगाचं कापड होतं. तिकडच्या कापडवाल्यांचा त्यासाठी शब्द ग्रेझ आहे, स्पेलिंग `greige`. नाहीतर सरळ "मागावरचं कच्चं कापड" अशा अर्थाचं वाक्य लिहा, ते कुठेही चालतं.

अक्कलकोटरोड

आडवा_धागा, हे सगळं सोन्यासारखं आहे. आता वजनाचं सांगा. इंग्लंडवाले ५०० जीएसएम म्हणतात, अमेरिकेच्या पार्टीने मात्र नुसतं "१३ पौंड" लिहिलंय. एक टॉवेल १३ पौंडाचा कसा असेल? म्हणजे सहा किलो!

आडवा_धागा

१३ पौंड डझनाचे. अमेरिकेत, खास करून हॉटेलच्या मालात, टॉवेलचं वजन डझनाला किती पौंड असं बोलतात आणि "डझनाला" हा शब्द बरेचदा गाळतात. जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, ते मापावर अवलंबून नाही; डझनाचे पौंड मापावर अवलंबून आहेत. त्यामुळे माप न बघता तुलना केली की फसलात.

तुमचा ७० बाय १४० चा टॉवेल घ्या. क्षेत्रफळ ०.९८ चौरस मीटर. ५०० जीएसएमने एक टॉवेल ४९० ग्रॅम, डझन ५ किलो ८८० ग्रॅम, म्हणजे जवळपास १३ पौंड. दोघंही एकच टॉवेल मागतायत बहुतेक. एक्सेलमध्ये ए रकान्यात लांबी, बी मध्ये रुंदी सेंटिमीटरमध्ये, सी मध्ये जीएसएम टाका:

```
=A2*B2/10000*C2*12/453.6
```

पण अमेरिकन पार्टीचं माप नीट विचारा. त्यांनी २७ बाय ५४ इंच धरलं असेल तर टॉवेल तुमच्यापेक्षा थोडा लहान, आणि १३ पौंडाला जीएसएम ५०० च्या वर, ५२० च्या आसपास जाईल. तो माल ५०० ने विणलात तर वजन कमी भरणार. सूत्रात तयार टॉवेलचं माप घालायचं, मागावरचं नाही.

सिद्धेश्वरपेठ

धुण्याच्या सूचना राहिल्या. इंग्लंडच्या लेबलवर पाण्याच्या टबाच्या चित्रात ४० लिहिलेलं असतं, म्हणजे ४० अंश सेल्सिअस. अमेरिकेत घरच्या मशीनवर बहुतेक कोल्ड, वॉर्म, हॉट अशीच बटणं असतात, म्हणून टबात आकड्याऐवजी ठिपके वापरतात: एक ठिपका ३०, दोन ठिपके ४०, तीन ५०. तुमचा ४० चा टॉवेल अमेरिकेत दोन ठिपके आणि शब्दांत "मशीन वॉश वॉर्म". नुसता ४० छापला तर तो फॅरनहाइट समजायचा धोका आहे, आणि ४० फॅरनहाइट म्हणजे फ्रिजमधलं पाणी.

आणखी एक. "फॅब्रिक कंडिशनर वापरू नका" ही ओळ टेरीला हवीच, कारण तो फासांवर थर धरतो आणि टॉवेल पाणी शोषत नाही. अमेरिकेसाठी तिथे फॅब्रिक सॉफ्टनर. इंग्लंडच्या लेबलवर कंडिशनरच राहू दे. अमेरिकेत नुसतं कंडिशनर म्हटलं की केसांचं.

पाटीवाला

मग लेबलवर फायबर कंटेंटचं काय? तिथे तर स्पेलिंग बदलावंच लागेल ना.

आडवा_धागा

तो शब्द छापूच नका. कायद्याला कापूस किती टक्के ते हवंय, "फायबर" हा मथळा नको. "१०० टक्के कॉटन" आणि "मेड इन इंडिया" दोन्हीकडे अक्षरन् अक्षर सारखं आहे. एक ओळ वाचली की एक चूक वाचली. अमेरिकेच्या लेबलवर कंपनीचं नाव किंवा तिथला नोंदणी क्रमांक लागतो, तो पार्टी देईल.

बिलावर मात्र शब्द आपल्या मनाचे घालू नका. कापसाच्या टेरी टॉवेलचा एचएस कोड `6302.60`, आणि त्याच्या वर्णनात टॉयलेट लिनन असं येतं. तिथे टॉयलेटचा अर्थ आंघोळ-साजशृंगार असा जुना आहे. हेच वर्णन उचलून कॅटलॉगमध्ये टाकलेलं दिसतं अधूनमधून. संडासाचं कापड म्हणून कोण टॉवेल घेईल?

सिद्धेश्वरपेठ

त्याच धर्तीवर: पिशवीबंद मालासाठी "सॅनिटरी पॅक्ड टॉवेल" लिहू नका. इंग्लंडमध्ये सॅनिटरी टॉवेल म्हणजे पाळीत वापरायचा पॅड. अमेरिकेत त्यालाच सॅनिटरी नॅपकिन म्हणतात, म्हणजे तुमचा जुना नॅपकिनही सॅनिटरी शब्दाशेजारी ठेवू नये. हायजीनिकली पॅक्ड म्हणा.

अक्कलकोटरोड

बापरे. ते शब्द कॅटलॉगच्या १४ व्या पानावर आहेत. बरं झालं.

आता शेवटचं, एका कॅनडाच्या माणसाने चौकशी केलीय. त्याला ब्रिटिश देऊ की अमेरिकन?

कडक_भाकरी

ब्रिटिशच. राणीचा देश होता तो, आता राजाचा.

आडवा_धागा

अर्धं बरोबर. कलरमध्ये यू तिथे लागतो, पण छोट्या टॉवेलला वॉशक्लॉथ किंवा फेसक्लॉथ, दोन्ही चालतं. आणि कापसाचा टक्का इंग्रजी व फ्रेंच दोन्हीत लागतो, तिथे हा सगळा वाद मागे पडतो. ऑस्ट्रेलियाची चौकशी आली तर तिथे त्याच टॉवेलला फेस वॉशर म्हणतात, हे लक्षात ठेवा.

शेंगाचटणी

आणि दुबईला? मेहुण्याचं तिकडे दुकान आहे, पाहिजे तर विचारतो.

सिद्धेश्वरपेठ

विचारा. माझ्या पाहण्यात तिकडच्या एकाच दुकानात दोन्ही शब्द दिसतात. आपल्याकडचे लोक खूप असल्यामुळे नॅपकिनही खपत असेल तर नवल नाही.

पाटीवाला

मग दोन फाइली. मान्य. नावं काय द्यायची?

आडवा_धागा

`catalogue_en-GB` आणि `catalog_en-US`. आणि टॅगवर, खोक्यावर, बिलावर तारीख 05/06 अशी आकड्यात नको. ती इंग्लंडमध्ये पाच जून आणि अमेरिकेत सहा मे. महिन्याचं नाव अक्षरात.

कडक_भाकरी

फाइलीच्या नावात पण स्पेलिंग वेगळं 🙏

अक्कलकोटरोड

आत्ताच अमेरिकेच्या पार्टीला मेल टाकला: १३ पौंड कुठल्या मापाला. उत्तर आलं की इथे टाकतो.